सूचना क्रमांक एकतीस

आमच्या आकाशदीप सोसायटीच्या नोटीस बोर्डाला काच आहे, काचेला कुलूप आहे आणि त्या कुलपाची किल्ली एकाच माणसाच्या खिशात असते. तो माणूस म्हणजे शिवलिंगअप्पा कलशेट्टी. सोसायटीचे सचिव, वय एकाहत्तर, जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं नोकरी. त्यातली निम्मी वर्षं परिपत्रकांचे मसुदे लिहिण्यात गेली. लातूरच्या औसा रोडवर चोवीस फ्लॅटची इमारत, खाली चार गाळे, आणि त्यातला कोपऱ्यातला माझा. झेरॉक्स, डीटीपी, लॅमिनेशन, फॉर्म भरून मिळतील. अप्पांची प्रत्येक सूचना माझ्याच कॉम्प्युटरवर टाईप व्हायची. तेव्हा ही गोष्ट त्यांची आहे तेवढीच माझीही आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर मधेच कुठेतरी मी स्वतःला साळसूदपणे बाजूला काढीन. ती सवय मला आहे.

अप्पा माझ्या गाळ्यात येताना कधी रिकाम्या हातानं येत नसत. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पाठकोरा कागद, खिशाला लाल बॉलपेन. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभरात जो कचरा यायचा, त्यातलं कामाचं तेवढं निवडून त्याची सूचना करायची, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. ग्रुपवर कुणीतरी टाकायचं: चार लाल दिवे, तीन नळ, दोन रडके चेहरे, KAL PAANI NAHI YENAR, मग हात जोडलेले सात वेळा. अप्पा त्याचं करायचे: ‘महानगरपालिकेकडून कळविण्यात आल्यानुसार उद्या पाणीपुरवठा होणार नाही. सभासदांनी पाणी जपून वापरावे.’ खाली जावक क्रमांक, तारीख, सही, शिक्का. दोन ओळी. लिफ्टची वाट बघता बघता वाचून होतील एवढ्याच.

आणि खरं सांगतो, बघायला बरं वाटायचं. मी तीसेक वर्षं दुसऱ्यांचे कागद टाईप करतोय, मला लिहिणाऱ्याची पारख आहे. अप्पांच्या मसुद्यात एक शब्द काढायला जागा नसायची. माझे अब्बा खाजामियाँ यांचं गंजगोलाईजवळ टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. अप्पा तरुणपणी तिथंच मराठी टायपिंग शिकले. त्यामुळे मला ते हक्कानं अरेतुरे करायचे आणि मी त्यांना अप्पा म्हणायचो.

“मुज्तबा,” ते एकदा म्हणाले, “मराठीला मोठी अक्षरं का न्हाईत, ठाव हाय का? मराठी माणसाला वरडून सांगायची गरजच पडत न्हाई. सरळ सांगितलं की कळतं.”

त्यांचा एक नियम होता. फॉरवर्ड हातात आला की मोठ्या इंग्रजी अक्षरांत जे असेल ते आधी कापायचं. URGENT, SHARE MAX, 100% TRUE, IGNORE KARU NAKA. “ह्यो सगळा बोभाटा,” म्हणायचे. मग ती चित्रं. दिवे, चेहरे, हात, फुलं. ती तर त्यांच्या नजरेला दिसायचीच नाहीत. उरेल ते सूचनेचं खरं हाड. आणि हा नियम इतकी वर्षं एकदाही चुकला नव्हता, हे मला मान्य करावं लागेल. आज रात्री आकाशातून घातक किरणं येणार आहेत, मोबाईल बंद ठेवा, असा मेसेज आला तेव्हा निम्मी सोसायटी घाबरली होती. अप्पांनी मोठी अक्षरं कापली, चित्रं काढली, कागद माझ्यापुढं धरला. कागदावर काहीच उरलं नव्हतं. “याला जावक क्रमांक मिळणार न्हाई,” ते म्हणाले. आम्ही दोघं खूप हसलो होतो.

पण माणूस मायाळू होता, असं मी म्हणणार नाही. केरबाला विचारा. केरबा आमचा वॉचमन, उदगीरकडचा, चौथीपर्यंत शिकलेला. सूचना क्रमांक सत्तावीस अशी होती की वहीत नोंद केल्याशिवाय कुठल्याही बाहेरच्या माणसाला आत सोडू नये. केरबानं गॅस सिलिंडरवाल्याला ओळखीचा म्हणून सोडलं. अप्पांनी संध्याकाळी पोरंबाळं खेळत असताना, बायका खाली बसलेल्या असताना, केरबाला बोर्डासमोर उभं केलं आणि ती सूचना मोठ्यानं वाचायला लावली. केरबा एकेक अक्षर लावून वाचत होता. ‘नोंदी’वर अडला तेव्हा पोरं हसली. अप्पांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली. तीनदा. त्या दिवसापासून नवा कागद लागला की केरबा त्याच्यासमोर उभा राहून ओठ हलवत तो पाठ करायचा. मी गाळ्यातून बघायचो आणि मला गंमत वाटायची.

आता त्या दिवसाचं सांगतो.

मे महिना, मंगळवार. सकाळी दहाच्या सुमारास अप्पा आले. मोबाईल पुढं केला. “हे बघ. म्हातारी बाई हरवली हाय. एवढं लावून टाकू. पुण्याचं काम हाय.”

मेसेज असा होता:

🚨🚨🚨 URGENT URGENT 🚨🚨🚨
😭😭 AAJI HARAVLI AHE 😭😭
माझी आजी केवळाबाई, वय ७८, आज सकाळी सहापासून खाडगाव रोडच्या घरून निघून गेलीय. हिरवं लुगडं, हातात पितळी तांब्या, रंग सावळा, उंची कमी. आजी किल्लारीची आहे 🙏
🏠❌🏠❌🏠❌
TILA GHARAT GHEU NAKA!!! DAAR LAVU NAKA!!! BAHERACH BASU DYA 🌳 PANI DYA 💧
📞 पुनम (नात)
🙏🙏🙏 SHARE MAX!! 1 SHARE = 1 JEEV 🙏🙏🙏 PLZZZ IGNORE KARU NAKA

वर बारीक अक्षरांत होतं, अनेक वेळा फॉरवर्ड केलेला. नंतर कळलं की मधला मजकूर तेवढा त्या पोरीचा होता. वरचे दिवे तिच्या उदगीरच्या मामानं लावले, खालचं ‘एक शेअर, एक जीव’ कुठल्या तरी ग्रुपच्या अॅडमिननं. पण येताना सगळं एकाच आवाजात ओरडत आलं. कोण कशासाठी ओरडतंय ते ओळखू येण्याची सोय नव्हती.

अप्पा खुर्चीवर बसले, लाल पेन काढलं आणि पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेऊ लागले. नाव, वय, लुगडं, तांब्या, रंग, उंची, फोन नंबर. मी त्यांच्या खांद्यावरून मोबाईल बघत होतो. मी ती मधली ओळ वाचली. पूर्ण वाचली. हे मला कुणासमोर नाकारता येणार नाही.

“अप्पा,” मी म्हणालो, “ह्यात घरात घेऊ नका म्हणून राहिलेत.”

“कशात?”

“हे बघा की, मोठ्या अक्षरात.”

अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “आजी हरवली, आन् घरात घेऊ नका? शेंडा-बुडखा हाय का त्याला? कुणीतरी मधल्यानं घुसडलं आसंल. चोर बाया येत्यात, घरात घेऊ नका, तसलं. दोन फॉरवर्ड एकात मिसळलेत.”

हे मला पटलं. पटलं म्हणजे, दुकानात नीट परीक्षेची प्रवेशपत्रं काढायला पाच पोरं उभी होती आणि मला ते पटवून घेणं सोयीचं होतं. किल्लारी हा शब्द दोघांनीही वाचला होता. लातूर जिल्ह्यातल्या माणसाला किल्लारी म्हटल्यावर काय आठवावं हे सांगायला लागत नाही. अप्पा तर भूकंपाच्या वेळी मदतीच्या याद्या करायला दोन महिने तिथं तंबूत होते. तरी त्यांनी तो शब्द गावाचं नाव म्हणून वाचला आणि गावाची सूचनेला गरज नव्हती, म्हणून कापला.

मसुदा झाला, पण अप्पांचं समाधान होईना. “ह्यात कार्यवाही न्हाई,” ते म्हणाले. “दिसल्यावर करायचं काय, ते कुठाय? कार्यवाही न्हाई ती सूचना नव्हं, ती बातमी झाली.” मग त्यांनाच आठवलं. दोन वर्षांपूर्वी बी विंगमधलं एक लहान पोरगं हरवलं होतं, तेव्हाची सूचना माझ्या कॉम्प्युटरवर होती. “त्यातली शेवटची ओळ घे.”

मी ती फाईल उघडली, ओळ उचलली, इथं चिकटवली. ‘मूल’ होतं तिथं ‘महिला’ केलं. दोन सेकंदांचं काम.

छापून आलं ते असं:

‘सर्व सभासद, भाडेकरू व सुरक्षारक्षक यांना कळविण्यात येते की, श्रीमती केवळाबाई, वय ७८ वर्षे, वर्ण सावळा, उंची कमी, हिरवे लुगडे, हातात पितळी तांब्या, या आज सकाळपासून बेपत्ता आहेत. सदर महिला आढळून आल्यास तिला तात्काळ आत घेऊन सुरक्षित जागी बसवून ठेवावे, कोणत्याही परिस्थितीत बाहेर जाऊ देऊ नये व खालील क्रमांकावर कळवावे.’

जावक क्रमांक एकतीस. सही. शिक्का. समास चारी बाजूंनी सारखा. अप्पांनी कागद हातभर लांब धरून बघितला आणि म्हणाले, “आता कसं माणसाला कळंल असं झालं.”

दोन प्रती काढल्या. एक फाईलला, एक बोर्डाला. केरबानं तिच्यासमोर उभं राहून ओठ हलवले. सोसायटीतली माणसं तशी बोर्ड वाचत नाहीत, त्यांच्या हातात मोबाईल असतो. बोर्ड वाचतात ते वॉचमन, धुणीभांडीवाल्या, दूधवाला, इस्त्रीवाला. म्हणजे जी माणसं रस्त्यावर असतात आणि ज्यांना हरवलेली म्हातारी खरोखर दिसू शकते ती. अप्पांचा कागद योग्य माणसांपर्यंत पोचला. अगदी जसा पोचायला हवा तसा.

आमच्या इमारतीला लागून एक मोकळा प्लॉट आहे. मधोमध एकच कडुलिंबाचं झाड. दुपारी एकच्या सुमारास केरबा दुपारचा डबा खायला तिकडं गेला, तर झाडाखाली म्हातारी बसलेली. हिरवं लुगडं, शेजारी पितळी तांब्या. नंतर कळलं, सकाळी तिच्या घराशेजारच्या प्लॉटवर बोअर मारायची गाडी लागली होती. जमीन हादरायला लागली तशी ती तांब्या घेऊन उठली आणि जिकडं भिंती नाहीत तिकडं चालत राहिली. सात तासांत ती इथवर आली होती.

केरबानं मला पुढं सगळं सांगितलं. किती वेळा सांगितलं, ते मोजलं नाही. म्हातारी शांत होती. त्याला म्हणाली, “बाबा, तांब्या भरून दे.” त्यानं भरून दिला. तिनं अर्धी भाकरी मागून घेतली, खाल्ली. “तुझं घर पत्र्याचं हाय का दगडमातीच्या माळवदाचं?” विचारलं. तो पत्र्याचं म्हणाला. “मग बरं हाय,” म्हणाली. त्याच्या आईनं बोलावं तसं बोलत होती. बोलता बोलता त्याला लुगड्याचा रंग दिसला आणि कागद आठवला.

“आजी, चला आत.”

“म्या हितंच बरी हाय.”

“न्हाई, कागदावर लिव्हलंय. आत घ्यायचंय तुमाला.”

ती उठेना. केरबानं धुणीभांडी करून निघालेल्या दानम्माला हाक मारली. दोघांनी दोन दंड धरले. म्हातारीचं वजन ते काय असणार. गेटमधून आत येईपर्यंत ती फक्त नको नको म्हणत होती, पण जिन्याखालच्या मीटर रूमचं दार दिसलं तसे तिनं पाय जमिनीत रोवले. दानम्मा मला नंतर म्हणाली, “भाई, तिच्यात एवढी ताकत कुठून आली काय की.” तरी त्यांनी तिला आत नेलं. सुरक्षित जागा म्हणजे तीच, केरबाची खाट तिथंच असते. खाटेवर बसवलं, तांब्या हातात दिला, पंखा लावला. बाहेर आले. ती मागोमाग दाराशी आली. कोणत्याही परिस्थितीत बाहेर जाऊ देऊ नये. केरबानं लोखंडी दार ओढून कडी घातली.

मग नंबर लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. तो मेसेज तोवर कुठं कुठं पोचला होता. पुण्याहून, नागपूरहून, कुठल्या कुठल्या गावाहून माणसं त्या पोरीला फोन करून विचारत होती, सापडली का, मेसेज खरा आहे का. खऱ्या फोनला जागाच नव्हती. केरबाला नंबर लागायला पाऊण तास लागला.

त्या पाऊण तासात मी माझ्या गाळ्यात होतो. मीटर रूम माझ्या मागच्या भिंतीला लागून आहे. आधी मला वाटलं कुठं तरी फरशी फोडतायत. ठण्, ठण्, ठण्, एकसारखं. मग मधेच आवाज आला. शब्द कळले नाहीत. नंतर कळले.

“दगड काढा रं. म्या हितं हाय. दगड काढा.”

मी उठून गेलो. केरबा दाराला पाठ लावून उभा होता, फोन कानाला, कपाळावरून घाम गळत होता. “सापडली भाई,” तो म्हणाला. “ती हरवलेली. फोन लागंना.”

आतून तांब्या दारावर आपटत होता. तेव्हा, त्या क्षणी, मला ती ओळ आठवली. घर आणि फुली, घर आणि फुली, घर आणि फुली. आणि किल्लारी. दोन्ही एकदम.

“उघड, केरबा.”

“अप्पाला इचारा.”

“अरे, ती घाबरलीय. उघड दार.”

“तुमीच छापलंय की भाई.” तो रडवेला झाला होता. “मागच्या बारीला पोरांसमूर वाचाय लावलं मला. तुमी हसला व्हता. अप्पाला इचारा, लगेच उघडतो.”

मी कडीला हात घालू शकत होतो. ती माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. केरबानं मला अडवलं नसतं. मी आजही झोपण्याआधी त्या कडीला हात घालतो. पण तेव्हा मी जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेलो, कारण मलाही कुणाचा तरी होकार हवा होता. मी त्या सोसायटीत भाड्यानं गाळा चालवतो. नाव माझं मुज्तबा आहे. बाहेरच्या म्हाताऱ्या बाईला मी दार उघडून सोडलं आणि ती रोडवर गाडीखाली आली, तर लोक काय म्हणतील, हा विचार मी त्या जिन्यावर केला. केला, हे लिहून ठेवतो.

अप्पा दुपारचे झोपले होते. बेल तीनदा दाबली. बनियनवर दार उघडलं.

“म्हातारी सापडलीय अप्पा. केरबानं मीटर रूममध्ये कोंडलीय. लई ओरडून राहिली. बाहेर बसवूया, मी थांबतो शेजारी.”

“घरच्यांना कळवलं का?”

“फोन बिझी आहे.”

“लागंल. लागला की धा मिंटात येत्याल.” त्यांनी चष्मा घातला. “हे बघ मुज्तबा, बाहेर सोडली आन् पुन्हा गेली तर जबाबदार कोण? सूचनेवर सही माझी हाय. वरडणारच. हरवलेलं माणूस वरडतंच. आत हाय म्हंजे सुरक्षित हाय.”

“ती किल्लारीची आहे अप्पा.”

“मग?” ते म्हणाले, आणि मग काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. मी पाहिलं ते. याद्या केलेला माणूस होता तो. पण ते आलं तसं गेलं. “तीस वर्सं झाली त्याला,” ते म्हणाले. “शर्ट घालून येतो.”

आम्ही खाली आलो तेव्हा आवाज थांबला होता. केरबाच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. “दमली,” तो म्हणाला. “फोन लागला. नात निघालीय.”

“बघ,” अप्पा मला म्हणाले.

आणि मी, लाज वाटते सांगायला, मीही सुटकेचा श्वास सोडला. आम्ही तिघं त्या बंद दाराबाहेर पंधरा मिनिटं उभे राहिलो. दार उघडून बघावं असं एकालाही सुचलं नाही, कारण आता म्हातारी शांत झाली होती. अप्पांनी केरबाची पाठ थोपटली. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

पुनम स्कुटीवरून आली. अठरा-एकोणीस वर्षांची, क्लासचं ओळखपत्र अजून गळ्यात. गेटपाशी स्कुटी उभी करायची थांबली नाही, तशीच आडवी टाकली. “कुठंय?” केरबानं दाराकडं बोट दाखवलं. तिनं बंद कडी बघितली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला वर्णन करायचा नाही.

केवळाबाई दाराच्या आतच पडलेली होती, दारालाच लागून, त्यामुळे दार पूर्ण उघडेना. तांब्याचा काठ आत चेपला होता. बोटांची नखं फुटली होती. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं सांगितलं. पोलिसांनी पंचनामा केला, आमचे जबाब घेतले, आणि बोर्डावरच्या कागदाचा फोटो काढून नेला. हवालदार म्हणाला, “तुम्ही तर चांगलंच केलं होतं. एवढं व्यवस्थित कोण लिहितं.” त्या म्हातारीचा मुलगा आदिनाथ, पुनमचा बाप, डाळ मिलमधल्या कामावरून आला होता. शवविच्छेदनाला नेताना त्यानं फक्त एवढंच विचारलं की, खोलीला खिडकी होती का.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुनम तांब्या न्यायला आली. केरबानं तो धुऊन ठेवला होता. ती परत जाताना बोर्डापाशी थांबली. अप्पा तेव्हा माझ्या गाळ्याच्या पायरीवर उभे होते. तिनं कागद वाचला. संपूर्ण. मग पुन्हा वाचला.

“हे कुणी लिहिलं?”

“मी,” अप्पा म्हणाले. “सचिव हाय मी इथला. का, काय चुकलंय का?” त्यांच्या आवाजात कुरापत नव्हती. खरोखरच विचारत होते. चूक असेल तर दुरुस्त करायला लाल पेन खिशाला होतं.

पुनम त्यांच्याकडं वळली. “आजी भूकंपात पडलेल्या माळवदाखाली दीड दिवस होती,” ती म्हणाली. “शेजारी माझा धाकटा काका होता, सहा वर्षांचा. तो पहिल्या रात्री बोलायचा थांबला. तेव्हापासून ती छताखाली गेली नाही. पावसात सुद्धा ताडपत्री घेऊन अंगणात बसायची. आम्ही तिच्यासाठी अंगणाचं घर शोधून भाड्यानं राहतो. तुम्ही माझ्या मेसेजमधलं लुगडं ठेवलं, तांब्या ठेवला. जे मी ओरडून लिहिलं होतं तेवढंच काढलं.”

ती तांब्या छातीशी धरून निघून गेली. स्कुटीचा एक आरसा कालच्या पडण्यानं तुटला होता.

अप्पा आत आले आणि खुर्चीवर बसले. मला वाटलं हा माणूस आता मोडणार, आणि मला ते बघायचं होतं. खरंच बघायचं होतं. कारण तो मोडला असता तर मला त्याच्यावर सगळं टाकून मोकळं होता आलं असतं. पण त्यांनी खिशातून पाठकोरा कागद काढला. मसुदा घरूनच करून आणला होता.

‘सदर महिला मिळून आल्याने सूचना क्र. ३१ रद्द समजण्यात यावी.’

“मिळून आल्याने?” मी म्हणालो. “मेली म्हणून लिहा अप्पा.”

“तो आपल्या सूचनेचा विषय न्हाई. हरवल्याची सूचना व्हती, मिळाली, रद्द झाली. मयत लिहिलं की लोक इचारणार कशानं.” ते थांबले. मग मोबाईल काढला, तो मेसेज शोधला, स्क्रीन माझ्याकडं केली आणि बोट ठेवलं.

“ही घरं आन् ह्या फुल्या,” ते म्हणाले. “मला वाटलं नक्षी हाय. लग्नपत्रिकेला कडंनं असती तशी. काय अर्थ व्हतो ह्याचा?”

“घरात घेऊ नका,” मी म्हणालो.

ते त्या चित्रांकडं बघत राहिले. त्यांच्या बोटाखाली, बरोबर पुढच्याच ओळीत, मोठ्या अक्षरांत तेच लिहिलेलं होतं.

“मग तसं सरळ लिहायला काय झालं व्हतं?” अप्पा म्हणाले.

मी सूचना क्रमांक बत्तीस टाईप केली. समास चारी बाजूंनी सारखा ठेवला. नेहमीप्रमाणे दोन प्रती काढल्या, एक फाईलला, एक बोर्डाला. अप्पांनी सही केली, शिक्का मारला आणि काचेचं कुलूप उघडायला गेले. थोड्या वेळानं केरबा आला आणि नव्या कागदासमोर उभा राहून ओठ हलवू लागला.